आठशेची तूट

रात्रपाळीत मोजायला बसायची वेळ पहाटे पाचची. त्या वेळी डोळ्यांत वाळू असते, चहाचा परिणाम संपलेला असतो आणि बोटांना नोटांचा वास लागलेला असतो. मी एका रुग्णालयाच्या कॅश काउंटरवर काही वर्षं रात्रपाळी केली. गल्ला मोजून पैशांचा मेळ बसवायचा, सकाळच्या माणसाच्या हातात किल्ली द्यायची आणि घरी जायचं, एवढंच ते काम. बहुतेक रात्री मेळ बसायचा. ज्या रात्री बसला नाही, त्यातली एक अजून आठवते, कारण तिचा गुन्हेगार शोधायला मला सव्वा तास लागला आणि तो सगळा वेळ तो माझ्या डोळ्यांसमोर होता.

हिशेब सोपा होता. पाळी हातात घेतली तेव्हा गल्ल्यात ५,००० होते, सुट्यांसाठी ठेवलेले. रात्रभरात रोखीची निव्वळ जमा, म्हणजे आलेल्यातून परत दिलेले वजा करून, संगणक दाखवत होता ६१,३००. मध्यरात्रीनंतर ४०,००० पाकिटात घालून तिजोरीत टाकले होते, कारण रात्री गल्ल्यात फार रक्कम ठेवायची नाही असा नियम होता. म्हणजे गल्ल्यात उरायला हवे होते २६,३००. मोजले ते २५,५००.

आठशे कमी.

अशा वेळी पहिल्यांदा काय होतं हे कॅशियरच जाणे. पोटात काहीतरी हलतं, आणि लगेच रात्रभरातले चेहरे डोळ्यांपुढे येऊ लागतात. तो घाईत असलेला मुलगा, ज्याला मी सुटे दिले. त्या बाई, ज्यांनी दोनदा मोजायला लावलं. चूक सापडायच्या आधीच मन माणसं धरायला लागतं. तूट आपल्या खिशातून भरायची असते म्हणून तेही साहजिकच आहे, पण त्याने शोध चुकीच्या दिशेला जातो.

मी आधी सगळ्यांनी करायचं तेच केलं, पुन्हा मोजलं. या वेळी उलट्या क्रमाने, लहान नोटांपासून मोठ्यांकडे, म्हणजे हाताला सवयीने तीच चूक करायची संधी मिळू नये. पुन्हा २५,५००. आणि मोजताना हेही लक्षात आलं की नोटा चिकटल्या असतील किंवा कुणाला एखादी जास्त गेली असेल, तर फरक एका नोटेएवढा येतो. आठशेची नोट नसते. तीन-चार नोटा मिळून आठशे होतात खऱ्या, पण एका रात्रीत इतक्या वेळा, आणि सगळं एकाच बाजूला? पैसे बरोबर असावेत, चूक कागदात असावी, असं तेव्हाच वाटायला लागलं होतं.

पावणेसहाला सकाळचे काका आले. त्यांचा चाळीस वर्षांचा गल्ला, माझा चार वर्षांचा. त्यांनी डबा ठेवला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "किती?"

"आठशे. कमी."

"मग नोटा कशाला मोजतेस आता? त्या आठशेकडे बघ."

जुनी माणसं फरकाकडे बघा म्हणतात त्यात जादू काही नाही. फरकाच्या आकड्याला तोंडवळा असतो आणि त्यावरून चुकीची जात ओळखता येते. काकांनी मला हे तुकड्यातुकड्याने शिकवलं होतं, कधी चहा पिताना, कधी ओरडून. ओरडून शिकवलेलंच जास्त लक्षात राहिलं, हेही खरं.

पहिली परीक्षा नऊची. फरकाला नऊने भाग गेला तर आकडे पुढचे मागे झाले असण्याची शक्यता मोठी. त्रेसष्टच्या जागी छत्तीस पडले, तर फरक २७. ८१४ च्या जागी ८४१ पडले तरी २७. शेजारचे कुठलेही दोन अंक बदलले की फरक नऊच्या पाढ्यातच येतो, कारण एक अंक दहापट जागेवर चढतो आणि दुसरा तिथून उतरतो, म्हणजे दोन अंकांतल्या फरकाची नऊपट. मराठी माणसाला ही चूक जास्त होते असं माझं स्वतःचं मत आहे. आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा कानावर तीन आधी येतात आणि साठ नंतर, हाताने मात्र साठचा सहा आधी लिहायचा असतो. पेंगलेल्या हाताला ही उलथापालथ कधीकधी जमत नाही.

आठशेला नऊने भाग जात नाही. म्हणजे उलटापालट नव्हती, निदान ती एकटी नव्हती. दोन चुका मिसळल्या असतील तर ही परीक्षा काहीच सांगत नाही, हे विसरायचं नाही. पण शोध एक चूक धरूनच सुरू करावा लागतो.

दुसरी परीक्षा निम्म्याची. एखादी रक्कम चुकीच्या बाजूला पडली, म्हणजे दिलेले पैसे आलेले म्हणून चढले, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो. एकदा ती वजा व्हायची राहिली आणि वर जमा झाली. म्हणून फरकाचे निम्मे करायचे आणि त्या रकमेचा कागद शोधायचा. आठशेचे निम्मे चारशे. आणि त्या रात्री मी एकच परतावा दिला होता. एक तपासणी रद्द झाली होती, तिचे पैसे परत केले होते. किती? चारशे.

मी खुर्चीत अक्षरशः उडाले. रक्कम जुळत होती, दिशासुद्धा जुळत होती. चारशेचा परतावा जमा म्हणून चढला असता तर संगणकाने बरोबर आठशे जास्त मागितले असते. काकांना म्हटलं, "सापडलं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, "उघडून बघ आधी."

उघडून बघितलं. परताव्याची नोंद अगदी शहाण्यासारखी जागेवर होती. उणे चारशे. सही होती, वेळ होती, कारण होतं.

इतकं चपखल बसलेलं उत्तर खोटं निघतं तेव्हा जो राग येतो, तो चुकीवर नसतो, त्या निर्दोष कागदावर असतो. त्या परताव्याच्या चिठ्ठीचा मला तेव्हा मनापासून तिटकारा आला होता.

तिसरी गोष्ट, आठशेचीच एखादी पावती दोनदा चढली आहे का? यादीत आठशेची पावती नव्हतीच. तोही रस्ता बंद.

आता उरली होती हातपावत्यांची गड्डी. तिच्याकडे मी मुद्दामच सगळ्यात शेवटी आले होते, हे आता कळतं. रात्री एक पन्नास ते तीन वीस संगणक बंद होता. अशा वेळी पावतीपुस्तक काढायचं, कार्बन घालायचा आणि हाताने पावत्या फाडायच्या. पांढरी प्रत माणसाला, गुलाबी आपल्याकडे. संगणक सुरू झाला की गुलाबी प्रतींवरून एकेक रक्कम आत चढवायची. त्या दीड तासात मी एकोणीस पावत्या फाडल्या होत्या. काउंटरपुढे रांग, रांगेतल्या प्रत्येकाला वरच्या मजल्यावर कुणीतरी वाट बघत असलेलं. पावतीवर 'अक्षरी' अशी एक रेघ छापलेली असते, तिथे रक्कम शब्दांत लिहायची असते. एकोणीसपैकी एकाही पावतीवर मी ती भरली नव्हती.

मी गुलाबी प्रती घेतल्या आणि पडद्यावरच्या नोंदींशी एकेक करून ताडल्या. एकोणीसच्या एकोणीस जुळल्या. पुन्हा ताडल्या. पुन्हा जुळल्या. प्रत्येकीवर आता दोन-दोन टिका होत्या, आणि आठशे तिथेच.

काका म्हणाले, "आठ आणि दोन शून्यं. शतकाच्या घरातला एकच अंक बदललाय बघ. कुठल्या दोन अंकांत आठाचा फरक आहे?"

हा त्यांचा आवडता भाग. फरकात एकच अंक आणि पुढे नुसती शून्यं असतील, तर बेरजेतला हातचा सुटलेला असतो किंवा एकच अंक चुकीचा वाचलेला असतो. बेरीज संगणकाने केली होती, म्हणून हातचा बाद. राहिलं वाचन. ज्या अंकांचे चेहरे मिळतेजुळते, त्यांच्या जोड्यांतले फरक ठरलेले असतात. इंग्रजी अंकांत 1 आणि 7 मध्ये सहाचा, 3 आणि 8 मध्ये पाचाचा, 4 आणि 9 मध्येही पाचाचा. सहाशेचा फरक आला असता तर मी आधी एक आणि सात शोधले असते. आठाच्या जोड्या दोनच, शून्य-आठ आणि एक-नऊ.

शून्य आणि आठ तर सख्खे भाऊ. घाईत काढलेला शून्य वरून चिमटला की आठ. संगणक जास्त मागत होता, म्हणजे शून्य लिहिला आणि आठ वाचला असणार. शतकाच्या घरात आठ असलेल्या तीन हातपावत्या निघाल्या. तिन्ही प्रती दिव्याखाली धरल्या. तिन्ही आठ स्वच्छ, पोटाला छान चिमटा असलेले.

मग एक आणि नऊ. मी म्हटलं, "काका, एक आणि नऊ कुठे सारखे दिसतात? एक म्हणजे उभी काठी."

ते काहीच बोलले नाहीत, म्हणून मी नाइलाजाने शतकाच्या घरात नऊ असलेल्या पावत्या वेगळ्या केल्या. दोनच होत्या, एक १,९०० ची आणि एक २,९५० ची. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. आणि पहिल्यांदाच त्या पावत्यांतली रक्कम न वाचता नुसता आकार बघितला.

१,९०० मधला माझा नऊ मला ओळखीचा होता. वरचा गोळा पूर्ण बंद, पाठ सरळ आणि शेवटी डावीकडे छोटासा आकडा वळवलेला. मी शाळेपासून तसाच काढते. दुसऱ्या पावतीवरचा नऊ मात्र वेगळ्याच घरचा. गोळा नीट मिटलेला नव्हता आणि खालची शेपूट डावीकडे न वळता उजवीकडे तिरकी सुटली होती. कार्बनने गोळ्याची उघडी बाजू भरून टाकली होती आणि शेपटीचं टोक फिकं केलं होतं, म्हणून तो लांबून नऊ वाटत होता. मी बोटाने हवेत गिरवून बघितला. हात आपोआप जसा फिरला, त्यावरून कळलं.

तो नऊ नव्हता. तो मराठी एक होता.

पावतीवर मी लिहिलं होतं 2१50. माझ्या हाताने पहिला अंक काढला दोन, जो दोन्ही लिप्यांत जवळजवळ सारखाच असतो, मग मराठी एक, मग इंग्रजी पाच आणि शेवटी शून्य, जो कुणाचाच नसतो. आमच्याकडे पावत्या इंग्रजी अंकांत लिहायची पद्धत होती आणि मीही रोज तसेच लिहायचे. पण पावणेतीनच्या सुमारास काउंटरच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं असणार, "एकवीसशे पन्नास," आणि कानातून आलेला तो 'एक' अर्ध्या झोपेतल्या हाताने लहानपणच्या पाटीवरचा काढला. तासाभराने तीच पावती चढवताना माझे डोळे इंग्रजी अंक वाचायच्या तयारीत होते आणि इंग्रजी अंकांत गोळा आणि शेपूट म्हणजे 9. पडद्यावर गेले 2950. ताडायला बसले तेव्हा पडद्यावर 2950 बघूनच मी कागदाकडे वळत होते, म्हणून कागदावरही दोन्ही वेळा तेच दिसलं. एकाच डोळ्यांनी केलेली दुसरी तपासणी ही बहुतेक वेळा पहिलीचीच नक्कल असते.

गंमत अशी की हे दोन्ही अंक एकाच कुळातले. आपल्याकडचे आकडे अरबांमार्फत पश्चिमेला गेले, इटलीतल्या पिसाच्या लिओनार्दो या गणितज्ञाने १२०२ मध्ये ते युरोपातल्या व्यापाऱ्यांना समजावून सांगितले, आणि शतकानुशतकं हातोहाती फिरून त्यांचे चेहरे इतके बदलले की तिकडचा नऊ इकडच्या एकासारखा दिसू लागला. तिकडच्या सराफांनाही या आकड्यांचा भरवसा वाटत नव्हता. फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने १२९९ मध्ये हिशेबाच्या वह्यांत हे आकडे वापरायला मनाई केली होती. रकमा अक्षरांत लिहायच्या, कारण शून्याला एक वेलांटी दिली की त्याचा सहा होतो किंवा नऊ. चेकवर आकडा आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षर खरं धरतात, त्यामागेही हाच अविश्वास आहे. आणि आपण रकमेच्या शेवटी जे 'फक्त' लिहितो, त्या शब्दाकडे तर मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. ते 'फक्त' म्हणजे दाराला लावलेली कडी. यापुढे कुणी काही जोडायचं नाही.

माझी अक्षरीची रेघ कोरी होती. 'दोन हजार एकशे पन्नास' हे कुठल्याही झोपेत 'नऊशे पन्नास' म्हणून वाचता आलं नसतं. ते लिहायला फार तर आठ सेकंद लागतात. एकोणीस पावत्यांची अडीच मिनिटं मी वाचवली होती आणि आता घड्याळात साडेसहा होत होते.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून प्रत डोळ्यांपाशी नेली, बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हो. पण हे तू म्हणतेस. तुझं अक्षर, तूच वाचणार, आणि तुझीच तूट भरून निघणार. दुसरा कागद आण."

त्यांचं बरोबर होतं. मघाशी चारशेचा परतावासुद्धा असाच चपखल बसला होता. पावती रक्ततपासणीची होती, म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. रात्रीच्या तंत्रज्ञ ताई नमुन्यांच्या नळ्या लावत होत्या. त्यांच्या वहीत त्या रुग्णापुढे तपासण्यांची नावं आणि एकूण आकार लिहिलेला होता, त्यांच्या हाताने, मी पावती फाडायच्या आधी. २,१५०. तोपर्यंत मी श्वास धरून होते हे तो सोडल्यावर कळलं.

चूक सापडली की ती दुरुस्त करण्याची घाई होते, आणि त्या घाईतच दुसरी चूक होते. गुलाबी प्रतीवरचा एक गिरवून इंग्रजी करावा असा मोह मलाही झाला. तो करायचा नसतो. गिरवलेला आकडा पुढे कुणीही बघितला तरी त्याला एकच वाटणार, की इथे काहीतरी लपवलं आहे. रकमेवर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर नवी रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, शेजारी सही आणि वेळ. संगणकातली २,९५० ची नोंद पुसली नाही, रद्द केली, म्हणजे ती रद्द झाल्याची खूण मागे राहते, आणि २,१५० ची नवी चढवली. निव्वळ जमा ६०,५०० झाली. ५,००० मिळवून ४०,००० वजा केले, २५,५००. गल्ल्यात होते तेवढेच. काकांनी वहीत सही केली आणि किल्ली घेतली.

मी पर्स उचलली आणि मग आठवलं की पांढरी प्रत बाहेर आहे.

हे खरं तर मला सगळ्यात आधी सुचायला हवं होतं. माझ्या आठशेच्या काळजीत मी विसरले होते की तो मराठी 'एक' दोन्ही प्रतींवर आहे. रुग्णाच्या खात्यावर तासन्‌तास आठशे जास्त जमा दिसत होते. डिस्चार्जच्या वेळी कुणी पांढरी प्रत पुढे केली असती आणि काउंटरवर वेगळा माणूस असता, तर वाद झाला असता, आणि त्या वादात कागद माझ्या विरुद्ध बोलला असता.

तिसऱ्या मजल्यावर वॉर्डाबाहेरच्या बाकावर एक आजोबा बसले होते. मफलर गुंडाळलेला, मांडीवर पिशवी. मी सांगितलं की रात्रीच्या पावतीवर एक आकडा नीट पडला नाही, जरा दाखवता का. त्यांनी शर्टाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेली पावती काढली, उलगडली, गुडघ्यावर सपाट केली.

"काय वाचता हो आजोबा इथे?"

त्यांनी कागद लांब धरला. "एकोणतीसशे पन्नास."

"तुम्ही किती दिले होते?"

"एकवीसशे पन्नास. मोजून दिले ना तुम्हाला." मग जरा थांबून, आवाज खाली आणत म्हणाले, "रात्री खोलीत गेल्यावर बघितलं मी. म्हटलं, बाईंनी जास्त लिहिलंय. पण पावती तुमची, शिक्का तुमचा. म्हटलं आपलंच मोजायचं चुकलं असेल." आणि पिशवीचा बंद सोडत, आत हात घालत त्यांनी विचारलं, "मग काय, आठशे द्यायचे राहिलेत का माझे?"

मी त्यांचा हात तिथेच धरला. म्हटलं, नाही, काहीच राहिलेलं नाही. पावती त्यांच्या गुडघ्यावरच ठेवून आकड्यावर रेघ मारली, सही केली आणि त्या कोऱ्या रेघेवर सावकाश लिहिलं, दोन हजार एकशे पन्नास फक्त. त्यांनी ती परत हातात घेतली, शब्द न् शब्द ओठ हलवत वाचला, पुन्हा चार घड्या घातल्या आणि आतल्या खिशात ठेवून वरून दोनदा थोपटली.